उन्हाळ्यात वारंवार उडणारा 2N3055: हीट सिंकचा हिशोब मांडून दोष कसा पकडायचा

१२ व्होल्ट, ३ अँपिअरची साधी लिनिअर सप्लाय: ट्रान्सफॉर्मर, ब्रिज, मोठा फिल्टर कपॅसिटर आणि हीट सिंकवर बसवलेला एक 2N3055 पॉवर ट्रान्झिस्टर. खान्देशात अशा सप्लाया अजून भरपूर चालू आहेत. भजनी मंडळाच्या १२ व्होल्टच्या अँप्लिफायरला, वायरलेस संचाला, जिनिंगमधल्या कंट्रोल पॅनलला त्याच लावलेल्या असतात. आखाजीच्या आसपास त्या दुरुस्तीला यायला लागतात आणि पहिल्या पावसानंतर बंद होतात. दोष बहुतेक वेळा एकच असतो, आणि ट्रान्झिस्टर बदलून तो जात नाही.

लक्षणं

सप्लाय थंड असताना बरोबर १२ व्होल्ट देते. पाऊण-एक तास पूर्ण लोडवर चालली की फ्यूज जातो, किंवा आउटपुट एकदम १८-२० व्होल्टवर जातं आणि पुढचं यंत्रही जळतं. उघडून मीटर लावला तर कलेक्टर-एमिटर शॉर्ट दिसतो. नवा ट्रान्झिस्टर टाकला की काही दिवस चालतं, मग पुन्हा तेच. गिऱ्हाईक हमखास सांगतं, "हिवाळाभर काही झालं नाही भाऊ, आत्ताच बिघडलं." त्याचं म्हणणं चूक नसतं, पण दोष हिवाळ्यातही होताच. तेव्हा तो उघडा पडला नव्हता, एवढंच.

आउटपुट १२ वरून खाली येत असेल, स्पीकरमध्ये गुरगुर येत असेल आणि ट्रान्झिस्टर शाबूत असेल, तर आधी फिल्टर कपॅसिटर आणि ब्रिज बघा. तो वेगळा आजार आहे. इथे फक्त तापून शॉर्ट होणाऱ्या ट्रान्झिस्टरचं बघू.

आधी हिशोब समजून घ्या

ट्रान्झिस्टरच्या आत, धातूच्या टोपीखाली, सिलिकॉनचा छोटा चिप असतो. उष्णता तिथे तयार होते आणि तिथून बाहेरच्या हवेत जाते. वाटेत तीन अडथळे लागतात: चिपपासून ट्रान्झिस्टरच्या बुडापर्यंत, बुडापासून मधला मायकाचा पातळ इन्सुलेटर ओलांडून हीट सिंकपर्यंत, आणि हीट सिंकपासून हवेपर्यंत. प्रत्येक अडथळ्याचा रोध 'अंश प्रति वॅट' या मापात सांगतात. रोध २ असेल तर त्यातून जाणाऱ्या प्रत्येक वॅटमागे दोन्ही टोकांच्या तापमानात २ अंशांचा फरक पडतो.

ज्याला ओमचा नियम येतो त्याला हे नवं नाही. वॅट म्हणजे करंट, अंशांचा फरक म्हणजे व्होल्टेज आणि तीन रोध एकापुढे एक जोडलेले. म्हणून त्यांची थेट बेरीज होते:

```
Tj = Ta + P × (Rjc + Rcs + Rsa)
```

`Tj` म्हणजे जंक्शनचं, म्हणजे चिपचं तापमान. `Ta` म्हणजे हीट सिंकभोवतीच्या हवेचं तापमान आणि `P` म्हणजे ट्रान्झिस्टरमध्ये जळणारे वॅट. कंसातले तीन रोध वर सांगितलेल्या क्रमाने आहेत.

2N3055 च्या डेटाशीटवर जंक्शनची कमाल मर्यादा २०० अंश आणि `Rjc` १.५२ दिलेला असतो. त्याच कागदावर '११५ वॅट' असंही लिहिलेलं असतं, आणि तो आकडा वाचून पुष्कळ लोक फसतात. बूड २५ अंशांवर धरून ठेवलं तरच ११५ वॅट चालतात: २०० वजा २५ म्हणजे १७५, भागिले १.५२, बरोबर ११५. भुसावळच्या मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये बूड २५ अंशांवर कोण ठेवणार? तो आकडा तुलनेपुरता आहे, वापरायचा नाही.

२०० ही मर्यादासुद्धा रोज गाठण्यासाठी नाही. प्रत्येक वेळी तापून थंड होताना चिप आणि बूड यांच्यामधला सांधा ताणला जातो. 2N3055 मध्ये जंक्शन १५० च्या आत राहिलं तर निश्चिंत राहता येतं, आणि खालचा सगळा हिशोब तीच रेघ धरून केला आहे.

पहिली तपासणी: बंद सप्लायकडे नुसतं बघा

याला काही खर्च नाही. प्लग काढा, झाकण उघडा आणि हीट सिंकच्या पात्यांमध्ये बॅटरी मारून बघा. जिनिंगच्या आसपास चालणाऱ्या सप्लायमध्ये पात्यांच्या खालच्या कडेला रुईच्या तंतूंचा थर बसलेला दिसतो, अगदी नमद्यासारखा दाबलेला. वरून हीट सिंक स्वच्छ दिसतो, म्हणून हा थर नजरेतून सुटतो. पंखा नसलेला हीट सिंक थंड होतो तो खालून आत शिरणाऱ्या हवेने. ती हवा तापून वर जाते आणि तिच्या जागी नवी येते. खालचं तोंडच बुजलं तर पाती कितीही मोठी असली तरी उपयोग नाही. २.० चा हीट सिंक असा बुजल्यावर ३.५ सारखा वागू शकतो.

कोरड्या रंगाच्या ब्रशने वरून खाली झाडा आणि तंतू चिमट्याने ओढून काढा. ब्लोअर मारायचा तर तंतू आत सर्किटवर न जाता बाहेर उडतील अशा दिशेने मारा. पाणी किंवा ओला कपडा लावू नका.

त्याच वेळी पाती उभी आहेत की आडवी तेही बघा. पॅनलमध्ये जागा नाही म्हणून सप्लाय कुशीवर ठेवलेली असते, आणि मग पात्यांमधली हवा वर चढू शकत नाही. खाली-वर निदान चार बोटं मोकळी जागा हवी. सप्लायच्या डोक्यावर वही, फडकं किंवा दुसरी सप्लाय ठेवलेली असेल तर आधी ती उचला.

दुसरी तपासणी: किती वॅट जळतात ते मोजा

साधा मल्टिमीटर पुरतो. सप्लायला ठरावीक लोड लावा. ४ ओहम, १०० वॅटचा वायरवाउंड रेझिस्टर उत्तम: १२ भागिले ४, म्हणजे ३ अँपिअर. हा रेझिस्टर स्वतः ३६ वॅट तापतो, म्हणून त्याला फरशीवर ठेवा, लाकडी टेबलावर नको. मीटर डीसी व्होल्टवर ठेवून कलेक्टर आणि एमिटर यांच्यामधलं व्होल्टेज मोजा. या ट्रान्झिस्टरचं धातूचं कवच म्हणजेच कलेक्टर, त्यामुळे एक प्रोब कवचाला आणि दुसरा एमिटरच्या पायाला.

समजा मेन्स २३० व्होल्ट असताना फिल्टर कपॅसिटरवर १८ व्होल्ट आहेत आणि बाहेर १२. ट्रान्झिस्टरवर ६ व्होल्ट पडले. ६ गुणिले ३, म्हणजे १८ वॅट. बेसच्या करंटमुळे पडणारी भर इतकी थोडी असते की सोडून दिली तरी चालते.

आता गिऱ्हाईकाच्या जागेवर मेन्स किती असतो ते विचारा, जमलं तर रात्री मोजायला सांगा. ही तपासणी लोक टाळतात आणि इथेच निम्मं उत्तर असतं. दुपारी सगळ्या मोटारी चालू असताना व्होल्टेज खाली बसलेलं असतं. संध्याकाळनंतर लोड उतरला की तेच २५५ पर्यंत चढतं, आणि पत्र्याचं शेड मात्र अजून दिवसभराच्या उन्हाने तापलेलंच असतं. २५५ ला कपॅसिटरवर साधारण २० व्होल्ट येतात. बाहेर १२ च जातात, म्हणजे ट्रान्झिस्टरवर ८ पडतात. ८ गुणिले ३, म्हणजे २४ वॅट. मेन्स अकरा टक्के वाढला आणि ट्रान्झिस्टरची उष्णता तेहेतीस टक्के वाढली, कारण जादाचं सगळं व्होल्टेज एकट्या ट्रान्झिस्टरला सोसावं लागतं.

एकच सप्लाय, हिवाळ्यात आणि मे महिन्यात

निरोगी सप्लाय आधी बघू. मायकाला पेस्ट लावलेली, म्हणून मधला रोध सुमारे ०.४. हीट सिंक २.० चा. तिघांची बेरीज १.५२ + ०.४ + २.० = ३.९२.

हिवाळ्यात डब्यातली हवा ३० अंश, उष्णता १८ वॅट. ३० अधिक १८ × ३.९२, म्हणजे ३० + ७१, जंक्शन १०१ अंश. मजेत चालतं.

मे महिन्यात बाहेर ४५ आणि बंद डब्यात ५५ अंश, उष्णता २४ वॅट. ५५ + २४ × ३.९२, म्हणजे ५५ + ९४ = १४९ अंश. रेघेला टेकलं, पण आत आहे.

आता तीच सप्लाय आजारी धरा. पेस्ट वाळून गेली, म्हणून मधला रोध १.२ झाला, आणि पाती रुईने बुजून हीट सिंक ३.५ चा झाला. बेरीज ६.२२. हिवाळ्यात ३० + १८ × ६.२२ = १४२ अंश. काही कळत नाही, सप्लाय चालत राहते. मे महिन्यात ५५ + २४ × ६.२२ = २०४ अंश. ट्रान्झिस्टर गेला.

'हिवाळाभर काही झालं नाही' याचा उलगडा या चार आकड्यांत आहे. ऋतू बदलताना एकट्या हवेने २५ अंशांची भर घातली. उरलेली ३७ अंशांची भर ६ वॅट वाढल्यामुळे आली, आणि ती एवढी मोठी झाली कारण रोध आधीच वाढलेला होता. नवा ट्रान्झिस्टर टाकल्याने या बेरजेतला एकही आकडा बदलत नाही, म्हणून तोही जातो.

तिसरी तपासणी: तापमान मोजून अडथळा कुठला ते ओळखा

हाताने चाचपून काही कळत नाही. साठ अंशांच्या आसपासच बोट मागे येतं, आणि वरच्या हिशोबात निरोगी हीट सिंकसुद्धा मे महिन्यात १०३ अंशांवर चालतो. 'लई तापतोय' हे निदान होत नाही, आणि बोट मात्र पोळतं.

थर्मोकपल लावायची सोय असलेला मल्टिमीटर घ्या. तीन जागी मोजायचं आहे: हीट सिंकच्या खाली चार बोटांवर आत येणाऱ्या हवेत, हीट सिंकवर ट्रान्झिस्टरच्या अगदी शेजारी, आणि ट्रान्झिस्टरच्या बुडाच्या पट्टीवर, स्क्रूजवळ. टोपीवर नको, कारण चिप बुडाला चिकटलेला असतो आणि टोपी त्याहून थंड असते. थर्मोकपलचं उघडं टोक कवचाला लागलं की ते कलेक्टरच्या व्होल्टेजवर येतं. म्हणून टोकाखाली उष्णता सहन करणाऱ्या कॅप्टॉन टेपचा एक पातळ तुकडा ठेवा आणि मीटरची दुसरी कुठलीही वायर सप्लायला जोडू नका.

लाल ठिपक्याची इन्फ्रारेड बंदूक वापरायची असेल तर चकचकीत धातूवर थेट धरू नका. ती खूप कमी आकडा दाखवते आणि खोटा धीर देते. जिथे मोजायचं तिथे मॅट काळ्या रंगाचा ठिपका द्या, तो वाळू द्या आणि मग बंदूक जवळ नेऊन मोजा.

घाई करू नका. हीट सिंकचं अॅल्युमिनियम सावकाश तापतं. पाच मिनिटांत आकडा एक अंशाहून जास्त सरकेनासा झाला की मगच वाचा. त्याला अर्धा-पाऊण तास लागतो. दहा मिनिटं चालवून 'ओके' म्हणून दिलेली सप्लाय परत येते ती याच कारणाने.

वरच्या आजारी सप्लायवर दुकानात २३० व्होल्टला, १८ वॅटला, साधारण असे आकडे मिळतील: हवा ३४, हीट सिंक ९७, बूड ११९. आता वजाबाकी आणि भागाकार.

```
(९७ − ३४) ÷ १८ = ३.५   हीट सिंक ते हवा
(११९ − ९७) ÷ १८ = १.२   बूड ते हीट सिंक
११९ + १८ × १.५२ = १४६   जंक्शन
```

पहिली ओळ २.० च्या जवळ हवी होती, दुसरी ०.४ च्या. म्हणजे दोन्ही ठिकाणी दोष आहे. हीच सप्लाय निरोगी असती तर त्याच हवेत हीट सिंक ७० आणि बूड ७७ दाखवलं असतं.

हे दोन भागाकार कायम लक्षात ठेवा. हीट सिंक आणि बूड यांच्यातला फरक मोठा असेल तर मायका, पेस्ट आणि स्क्रू बघा. हीट सिंक आणि हवा यांच्यातला फरक मोठा असेल तर धूळ, मांडणी किंवा हीट सिंकचा आकार बघा. दोन्ही फरक बेताचे असूनही ट्रान्झिस्टर जात असेल तर संशय ट्रान्झिस्टरवरच घ्या.

चौथी तपासणी: मायका आणि पेस्ट

प्लग काढून फिल्टर कपॅसिटर १०० ओहम, ५ वॅटच्या रेझिस्टरने रिकामा करा आणि मीटरने शून्य बघून मगच हात घाला. ट्रान्झिस्टर उचला. जुनी पेस्ट खडूसारखी पांढरी, भुकटी झालेली असेल तर दुसऱ्या भागाकाराचं कारण सापडलं. धातूचे दोन पृष्ठभाग दिसायला सपाट असले तरी मोजक्याच ठिकाणी एकमेकांना टेकतात. मधल्या फटींत हवा असते, आणि हवा उष्णता फार वाईट वाहून नेते. पेस्टचं काम त्या फटी भरण्याचं आहे. थर जाड झाला तर तो स्वतःच अडथळा बनतो.

जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून घ्या. हीट सिंकवरच्या भोकांच्या कडेवर नख फिरवा. ड्रिलने उठलेली धातूची धारदार कड नखाला लागली तर मोठं ड्रिल बिट हाताने दोन वेढे फिरवून ती उतरवा. ती कणभर कड मायका फाडते आणि बुडाला वर उचलून धरते. मायकाला चीर असेल तर तो फेकून द्या, दोन-चार रुपयांच्या वस्तूवर जीव अडकवू नका. पेस्ट मुगाच्या दाण्याएवढी, मायकाच्या दोन्ही बाजूंना, बोटाला प्लास्टिक गुंडाळून इतकी पातळ पसरा की खालचं जवळजवळ दिसावं. टूथपेस्ट किंवा व्हॅसलीन लावलेले ट्रान्झिस्टर दुरुस्तीला येतात. टूथपेस्टमधलं पाणी उडून जातं आणि खडू उरतो, व्हॅसलीन वितळून वाहून जातं. दोन्ही नकोत.

प्लास्टिकचे बुश आणि स्प्रिंग वॉशर घालून दोन्ही स्क्रू आळीपाळीने अर्धा-अर्धा वेढा आवळा. एक स्क्रू पूर्ण आवळून मग दुसरा घेतला तर बूड एका बाजूने उचललं जातं. शेवटी मीटर कंटिन्युइटीवर ठेवून कवच आणि हीट सिंक यांच्यात शॉर्ट नाही ना बघा. मीटर वाजला तर सप्लाय लावू नका, पुन्हा उघडा.

आता तिसरी तपासणी पुन्हा करा. ७० आणि ७७ च्या दोन-चार अंश इकडेतिकडे आलं की दुरुस्ती झाली.

एक सावधगिरी इथेच. जुन्या रेडिओ ट्रान्समीटरच्या ट्रान्झिस्टरखाली पांढरी सिरॅमिकची चकती किंवा बैठक असते. ती बेरिलियम ऑक्साइडची असू शकते. तिला घासू, फोडू किंवा कापू नका. तिची भुकटी फुफ्फुसाला घातक असते.

पाचवी तपासणी: ट्रान्झिस्टर खरा आहे का, आणि तोच आहे का

बाजारात 2N3055 छापलेले नकली ट्रान्झिस्टर मिळतात. आत नावाला चिप असतो. चिप लहान, म्हणून `Rjc` मोठा. तो १.५२ ऐवजी ४ निघाला तर निरोगी बसवणीतही बूड मे महिन्यात ११३ अंशांवर असताना जंक्शन ११३ + २४ × ४ = २०९ अंशांवर असेल. बाहेरून मोजलेलं सगळं बरोबर येईल आणि ट्रान्झिस्टर तरी जाईल. हे ताडायचं असेल तर मेलेल्या ट्रान्झिस्टरची टोपी करवतीने कापून बघा, आणि खात्रीच्या जुन्या ट्रान्झिस्टरची कापलेली टोपी शेजारी ठेवा. कणीएवढा चिप पाहिला की शंका उरत नाही. दुकान बदला.

दुसरा प्रकार जास्त फसवा आहे, कारण त्यात कोणी खोटं बोललेलं नसतं. 2N3055 मिळाला नाही म्हणून काळ्या प्लास्टिकचा TIP3055 लावला जातो. नावात ३०५५ आहे, व्होल्ट आणि अँपिअर पुरतात, `Rjc` तर १.३९, म्हणजे किंचित सरसच. पण त्याची जंक्शनची मर्यादा २०० नसून १५० अंश आहे. बाकी सगळं निरोगी धरून मे महिन्यात ५५ + २४ × ३.७९ = १४६ अंश. मर्यादेला चार अंश उरले. धातूचा ट्रान्झिस्टर ज्या हीट सिंकवर निवांत जगतो, त्याच हीट सिंकवर प्लास्टिकचा मरणाच्या दारात उभा असतो. तो लावायचाच असेल तर पुढच्या भागातला एखादा उपाय सोबत करावाच लागेल.

सगळं निरोगी असूनही आकडा जास्त येत असेल तर

मग मूळ मांडणीच खान्देशच्या उन्हाळ्याला अपुरी आहे. उपाय स्वस्तापासून सांगतो.

हीट सिंक डब्याच्या आत असेल तर त्याला पाठीवर बाहेर काढा. ५५ ऐवजी ४५ अंशांची हवा मिळाली की जंक्शन सरळ १० अंशांनी उतरतं. फक्त बाहेर आलेल्या कवचावर प्लास्टिकची टोपी बसवा, कारण ते कलेक्टर आहे.

छोटा पंखा लावला तर २.० चा हीट सिंक १.० च्या आसपास येऊ शकतो: ५५ + २४ × २.९२ = १२५ अंश. पण जिनिंगमध्ये पंखा रुई ओढून घेतो. दर आठवड्याला झाडणारा माणूस नसेल तर तिथे पंखा लावू नका. पंखा अडकला की वाईट हीट सिंक आणि वर खोटा विश्वास, दोन्ही पदरात पडतात.

दुसरा 2N3055 शेजारी जोडला, दोघांच्या एमिटरमध्ये ०.२२ ओहम, ५ वॅटचे रेझिस्टर घातले, तर प्रत्येकाला १२ वॅट येतात. इथे घोटाळा होतो: ट्रान्झिस्टर दुप्पट म्हणून तापमान निम्मं होईल असं वाटतं. हीट सिंकमधून तर अजून २४ वॅटच जाताहेत. तो ५५ + ४८ = १०३ वरच राहतो. पुढचा टप्पा मात्र निम्मा होतो: १२ × १.९२ = २३. जंक्शन १२६. फायदा चांगला आहे, पण हीट सिंकच लहान असेल तर दुसरा ट्रान्झिस्टर त्याला मोठं करत नाही. एमिटरमधले रेझिस्टर वगळू नका. ते नसतील तर जो ट्रान्झिस्टर जास्त तापतो तोच जास्त करंट ओढतो, आणि वाटणी कागदावरच राहते.

कलेक्टरच्या अलीकडे रेझिस्टर घालून त्याला थोडे वॅट देण्याचा उपायही करतात. २५५ व्होल्टला तो छान चालतो, पण दुपारी मेन्स २०० वर बसला की ट्रान्झिस्टरला पुरेसं व्होल्टेज उरत नाही आणि आउटपुटमध्ये गुरगुर येते. जिथे मेन्स खाली-वर होतो तिथे हा उपाय टाळलेला बरा.

आउटपुट कधी शॉर्ट होण्याची शक्यता असेल, भजनाच्या मंडपातल्या वायरींसारखी, तर करंट लिमिट तपासा. नुसतं ३.५ अँपिअरवर अडवणारं सर्किट शॉर्टच्या वेळी २० व्होल्ट गुणिले ३.५, म्हणजे ७० वॅट ट्रान्झिस्टरवर टाकतं. हीट सिंक आधीच १०० अंशांवर असेल तर काही सेकंदांत जंक्शन १०० + ७० × १.९२ = २३४ वर जातं. इथे कुठलाही वाजवी हीट सिंक वाचवू शकत नाही. शॉर्टमध्ये करंट खाली ओढणारं फोल्डबॅक सर्किट किंवा जलद फ्यूज हवा.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

- मेन्स २५५ च्याही वर जात असेल, किंवा घरातला एक दिवा मंद होताना दुसरा प्रखर होत असेल, तर न्यूट्रल ढिला असण्याची दाट शक्यता आहे. सप्लाय बाजूला ठेवा, मेन स्विच बंद करा आणि वायरमनला किंवा महावितरणला कळवा. हे खांबावरचं किंवा मीटरपेटीतलं काम आहे, हात घालू नका.
- ट्रान्सफॉर्मरला जळका वास येत असेल, किंवा डब्याला टेस्टर लावल्यावर दिवा लागत असेल, तर वाइंडिंग आणि अर्थिंग जाणकाराकडून तपासून घेतल्याशिवाय प्लग लावू नका.
- झाकण उघडल्यावर मोठ्या लोखंडी ट्रान्सफॉर्मरऐवजी छोटा फेराइटचा ट्रान्सफॉर्मर आणि ४०० व्होल्टचा कपॅसिटर दिसला तर ती एसएमपीएस आहे. तिच्या प्रायमरीच्या हीट सिंकवर ३०० हून जास्त व्होल्ट असू शकतात. वरचा हिशोब तिथेही खरा आहे, पण वरच्या पद्धतीने तिथे प्रोब आणि थर्मोकपल लावणं जिवावर बेतेल.
- सगळ्या तपासण्या करून, आकडे जुळवून, खात्रीचा ट्रान्झिस्टर टाकूनही आठवड्यात दोनदा गेला, तर तिसरा टाकू नका. सर्किट उच्च वारंवारतेवर थरथरत असेल तर साध्या मीटरवर ते दिसत नाही, त्याला ऑसिलोस्कोप लागतो. ज्याच्याकडे तो आहे त्याच्याकडे सप्लाय न्या. सोबत मोजलेले तिन्ही तापमानांचे आकडे, कलेक्टर-एमिटरचं व्होल्टेज आणि मेन्सचा रात्रीचा आकडा कागदावर लिहून द्या, म्हणजे त्याला पहिल्यापासून सुरुवात करावी लागणार नाही.